सोडा आणि व्हिनेगर एका बाटलीत भरू नकोस

पोरी, तुझ्या ओट्याखालच्या फवाऱ्याच्या बाटलीत तू व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ठेवला आहेस, आणि दिवाळीची साफसफाई त्याच पाण्यानं करायचा तुझा बेत आहे. ती बाटली आजच मोरीत ओतून टाक. नुकसान काही होणार नाही, कारण तिच्यात आता ना व्हिनेगर उरलं आहे ना सोडा. दोन्ही पदार्थ आपापल्या जागी गुणाचे आहेत, मी दोन्ही घरात ठेवते आणि तूही ठेव. फक्त त्यांची भेट बाटलीत होऊ देऊ नकोस. मी इतकी वर्षं शाळेत आम्ल आणि आम्लारी शिकवली, तेव्हा नुसतं ‘करू नकोस’ म्हणून थांबणं मला जमणार नाही. कारण कळलं की पुढचं तुझं तुला सुचेल.

व्हिनेगर म्हणजे पाण्यात विरघळलेलं ॲसिटिक आम्ल. किराणा दुकानात जी पांढरी बाटली मिळते तिच्यावर बहुतेक वेळा ४ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साधारण ४ ग्रॅम आम्ल, बाकी पाणी. आम्लाचा स्वभाव एकच, हायड्रोजनचा आयन दुसऱ्याला देऊन टाकायचा. त्याचा आंबटपणा आणि त्याची साफ करण्याची ताकद, दोन्ही या देण्यातच आहे. खाण्याचा सोडा याच्या अगदी उलट. तो आम्लारी स्वभावाचा, म्हणजे समोरून आलेला हायड्रोजनचा आयन घेणारा. तो सौम्य आहे, धुण्याच्या सोड्याइतका जहाल नाही, पण घेतो मात्र नक्की.

देणारा आणि घेणारा एका भांड्यात आले की देवाणघेवाण तिथल्या तिथे उरकते. यालाच आम्ही फळ्यावर उदासिनीकरण असं लिहायचो. यातून तीन गोष्टी तयार होतात: पाणी, कार्बन डायऑक्साइड वायू आणि सोडियम ॲसिटेट नावाचा एक क्षार. वायू फसफसून उडून जातो. मागे राहतं ते त्या क्षाराचं पाणी. त्याच्यात द्यायला आयन उरलेला नसतो आणि घ्यायची ताकदही नावालाच असते.

आता तुझ्याच बाटलीचा हिशोब मांडू. बाटली अर्ध्या लिटरची, तिच्यात २०० मिलिलिटर व्हिनेगर. म्हणजे आम्ल झालं ८ ग्रॅम. एवढं आम्ल पुरतं संपवायला सोडा लागतो सुमारे ११ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा धरला तर एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम सोडा बसतो, म्हणजे सव्वादोन चमचे. तू ‘दोन-तीन चमचे’ घातलेस असं म्हणालीस. तेवढ्यात पेलाभर व्हिनेगरचं सगळं आम्ल खलास झालं. हातात उरलं जवळजवळ २०० मिलिलिटर पाणी आणि त्यात विरघळलेला ११ ग्रॅम क्षार. हा क्षार विषारी नाही, खाण्याच्या पदार्थांतही तो वापरतात, पण त्यानं ना नळावरचा पांढरा थर सुटतो ना कढईचं तेल.

याच हिशोबात एक धोकाही आहे, तो आधी सांगते. ८ ग्रॅम आम्लातून जो वायू निघतो तो तीन लिटरांहून जास्त भरतो. बाटलीत वर मोकळी जागा होती ३०० मिलिलिटर. तू फसफस पूर्ण थांबल्यावर झाकण लावलंस म्हणून निभावलं. सोडा टाकून लगेच झाकण घट्ट फिरवलं असतंस, तर त्या एवढ्याशा जागेत तीन लिटर वायू कोंडला असता. प्लास्टिकची बाटली आधी फुगते, मग तिचं झाकण तरी उडतं नाहीतर अंग फाटतं, आणि आतलं सगळं तोंडावर येतं. काचेची बाटली असेल तर काचांचे तुकडे होतात. लहान मुलांच्या घरात तर हा खेळ कधीच नको.

माझ्या शब्दावर विसंबू नकोस, स्वतः करून बघ. एका वाटीत चिमूटभर हळद पाण्यात कालव. त्यात अर्धा चमचा सोडा टाकलास की पिवळा रंग तांबूस नारिंगी होईल. पिवळ्या डागाला साबण लागला की तो लाल पडतो, ते याच कारणानं. हळदीला आम्लारी पदार्थ ओळखता येतो. आता त्यात थेंब थेंब व्हिनेगर सोड. फसफसत फसफसत रंग पुन्हा पिवळा होईल. सोडा गेला, हे हळदीनंच तुला सांगितलं.

व्हिनेगर गेलं हे बघायला अंड्याच्या कवचाचा तुकडा घे. घरात अंडं येत नसेल तर बादलीच्या तळाला धरलेला पांढरा पापुद्रा खरवडून घे. साध्या व्हिनेगरमध्ये तो टाकलास की थोड्या वेळात त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे धरतील. तुझ्या बाटलीतल्या पाण्यात टाकलास तर तो दगडासारखा पडून राहील. आणखी सोपी खूण हवी तर त्या बाटलीतलं थोडं पाणी दोन वाट्यांत घे. एकीत चिमूटभर सोडा टाक, दुसरीत चमचाभर ताजं व्हिनेगर. पहिलीत फसफसलं तर समज थोडं आम्ल उरलंय, दुसरीत फसफसलं तर थोडा सोडा उरलाय. दोन्ही शांत राहिल्या तर बाटलीत काहीच उरलं नाही.

आता तू म्हणशील, “आत्या, पण त्यानं सिंक खरंच साफ झालं.” झालं असेल, मी नाही म्हणत नाही. त्याची कारणं मात्र वेगळी आहेत. घरी घालताना माप कधीच अचूक पडत नाही. सोडा कमी पडला तर थोडं व्हिनेगर उरतं, आणि ते उरलेलं व्हिनेगर आपलं काम करतं. समज, २०० मिलिलिटरला तू एकच चमचा सोडा घातलास, तर निम्म्याहून थोडं अधिक आम्ल शिल्लक राहतं. म्हणजे तू सोडा खर्च करून ४ टक्क्यांचं व्हिनेगर २ टक्क्यांच्या आसपास आणून ठेवलंस, एवढंच. सोडा जास्त पडला तर उरलेला सोडा काम करतो. शिवाय अशा कृतींत भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब हमखास सांगितलेले असतात आणि शेवटी घासणीनं जोरात घासायलाही सांगितलेलं असतं. साबण आणि घासणी यांनी तर नुसत्या पाण्यातही सिंक साफ होतं. यश त्यांचं असतं आणि श्रेय त्या फेसाला मिळतं, कारण फेस डोळ्यांना दिसतो.

फेस म्हणजे फक्त निघून जाणारा वायू. ढोकळ्याचं पीठ आठव. आंबटपणा आणि सोडा पिठात भेटले की पीठ फुगतं, आणि तो वायू निसटायच्या आत आपण ते उकडायला ठेवतो. तिथे आपल्याला वायूच हवा असतो, जाळी पडायला. आणि प्रमाण नेमकं जमलं तर तयार ढोकळ्यात सोड्याची साबणासारखी चव लागत नाही. का लागत नाही? कारण सोडा आंबटानं खाऊन टाकलेला असतो. ढोकळ्यात जे हवं तेच सफाईत नको. तिथे तुला सोडा सोडा म्हणून शिल्लक हवा आणि आम्ल आम्ल म्हणून.

म्हणून मूळ प्रश्न असा की मळ कोणता आहे. घरातला बराचसा हट्टी मळ दोन जातींचा असतो. एक पाण्याचा पांढरा थर. बोअरचं पाणी असलेल्या घरात तो नळावर, शॉवरच्या भोकांत, इलेक्ट्रिक किटलीच्या तळाशी, बादलीच्या आत धरतो. हा बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. त्याला व्हिनेगर लागतं. आम्लाचे हायड्रोजनचे आयन कार्बोनेटला जाऊन धरतात, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि सुटलेलं कॅल्शियम पाण्यात विरघळून वाहून जातं. इथे जे बारीक बुडबुडे दिसतात ते मात्र खऱ्या कामाचे, कारण तो वायू मळ मोडून निघालेला असतो.

इथेच खरी गंमत आहे, नीट लक्ष दे. नळावरचा थर कार्बोनेट आहे आणि डब्यातला सोडा बायकार्बोनेट आहे. दोघे नात्यातले, आणि आम्ल दोघांनाही तसंच खातं. तू बाटलीत सोडा घातलास म्हणजे नळावरच्या थरासाठी आणलेलं आम्ल सोड्याला घालून संपवलंस. सोडा बारीक आणि पाण्यात विरघळलेला, थर कडक आणि धातूला चिकटलेला, तेव्हा सोडा आधी संपणार आणि थर जागच्या जागी राहणार. १०० मिलिलिटर व्हिनेगर फार तर सव्वातीन ग्रॅम थर विरघळवू शकतं. मुळातच एवढीशी पुंजी आहे, ती वाटेत उधळू नकोस.

दुसरी जात तेलकट चिकट्याची, आणि तिच्यासोबत येणारा आंबूस वास. इथे सोडा. जुनं, उघड्यावर राहिलेलं तेल थोडं आम्ल झालेलं असतं, सोडा त्याला धरतो आणि त्याचा थोडासा साबण करतो. त्याहून जास्त काम त्याच्या बारीक कणांनी घासण्याचं असतं. ते कण स्टीलवर फारसे ओरखडे न पाडता चिकटा उचलतात. दुधाच्या पिशवीचा, डब्याचा आंबट वास सोड्यानं जातो, कारण तो वासच आम्लांचा असतो. मासळी चिरल्यावर हाताला येणारा वास मात्र आम्लारी जातीचा, म्हणून त्याला लिंबू किंवा आमसूल चोळतात, सोडा नाही. आपल्या घरातल्या बायकांनी हे ‘आम्ल’, ‘आम्लारी’ शब्द न उच्चारता बरोबर वाटून ठेवलं होतं. माझ्या सासूबाई तेलकट भांड्यांना राख लावायच्या, आणि राख ही आम्लारी. तांब्याच्या हंड्याला त्या चिंच लावायच्या, आणि चिंच हे आम्ल. हंडा चिंचेनं लखलखीत झाला की तो भरपूर पाण्यानं विसळायच्या आणि मगच राखेचा हात फिरवायच्या. चिंचेचा कोळ आणि राख एका वाटीत कालवलेली मी त्यांच्याकडे कधी पाहिली नाही.

आता खरी अडचण येते ती दोन्ही मळ एकावर एक बसतात तिथे, आणि तुझ्या सिंकचा नळ नेमका असाच आहे. बुडाशी पांढरा थर, त्यावर फोडणीच्या तेलाचा चिकटा, त्यावर पुन्हा पांढरं. अशा जागी दोन्ही पदार्थ लागतात, पण एकामागून एक. आणि क्रमही ठरलेला आहे. आधी सोडा, मग व्हिनेगर. कारण थरावर तेल असेपर्यंत आम्ल थरापर्यंत पोचतच नाही, तेलावरून घसरून जातं.

तीन चमचे सोडा घे, त्यात एक चमचा पाणी घालून घट्टसर लगदा कर. तो नळाच्या बुडाशी आणि सांध्यांत लावून पंधरा मिनिटं राहू दे. जुन्या दातांच्या ब्रशानं घास. चिकटा फारच जुना असेल तर भांड्यांचा साबणही लाव, सोड्याशी त्याचं भांडण नाही. मग पाण्यानं धू, आणि हे धुणं टाळू नकोस. ओल्या बोटानं नळ चोळून बघ. बोटाला बुळबुळीत किंवा कणीदार लागलं तर सोडा राहिलाय, आणि राहिलेला सोडा पुढचं व्हिनेगर खाईल. व्हिनेगर लावताच सगळीकडे एकदम जोराचा फेस आला तर समज की धुणं अपुरं झालंय.

आता जुनं सुती फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाच्या बुडाला गुंडाळ. फवारा मारलास तर तो ओघळून जातो, थराला वेळ मिळत नाही. फडक्यानं आम्ल तिथेच टिकतं. अर्धा तास पुरे. नळाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती हातानं फिरवून काढ आणि वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, तिच्या भोकांतून बुडबुडे येताना दिसतील. बुडबुडे थांबले याचा अर्थ थर संपला असेल किंवा आम्ल संपलं असेल. कोणतं ते कळायला वाटीतलं जुनं व्हिनेगर ओतून ताजं घाल. पुन्हा बुडबुडे आले तर थर अजून आहे. शेवटी ब्रश फिरव, भरपूर पाण्यानं धू आणि कोरडं पूस. रात्रभर मात्र ठेवू नकोस. नळाची चकाकी म्हणजे वर दिलेला धातूचा पातळ मुलामा असतो, तो कुठे उडालेला असेल तर आम्ल खालच्या पितळेला लागतं.

तुंबलेल्या सिंकबद्दलही तू विचारलं होतंस. नळीत सोडा ओतून वरून व्हिनेगर ओतलं की मोठा आवाज होतो, फेस वर येतो, पण तो वायू मोकळ्या तोंडाकडे, म्हणजे वरच पळतो. खालच्या गाठीला तो ढकलत नाही. आणि त्या गाठीपर्यंत पोचेस्तोवर पाणी उदासीन झालेलं असतं. स्वयंपाकघराची नळी बहुतेक वेळा थिजलेल्या तुपातेलानं आणि भातकणांनी तुंबते. तिला कडकडीत नव्हे, हाताला चटका बसेल इतपत गरम पाणी आणि त्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा, हा उपाय खरा. उकळतं पाणी नको, प्लास्टिकची नळी मऊ पडते. त्यानं नाही सुटलं तर सिंकखालची वाटी खोलून हातानं काढ. त्या कामाला कुठलंही रसायन पर्याय नाही. धुण्याचा सोडा वापरताना हातमोजे घाल, आणि चिमणीची ॲल्युमिनियमची जाळी किंवा ॲल्युमिनियमची कढई त्यात बुडवू नकोस, काळी पडेल.

व्हिनेगर सगळीकडे चालतं असंही नाही. तुझ्या जुन्या घराची शहाबादी फरशी, इथला कडप्प्याचा ओटा, पाहुण्यांच्या खोलीतला कोटा, हे तिन्ही चुनखडक. संगमरवरही त्याच गोत्राचा. नळावरचा थर ज्यानं विरघळतो त्यानं हा दगडही विरघळतो, फक्त हळू. व्हिनेगरचा ओघळ कडप्प्यावर राहिला तर तिथे चकाकी गेलेला फिका डाग दिसतो, आणि तो मळ नसून दगडच झिजलेला असतो. पुसून, घासून तो जात नाही, पुन्हा पॉलिश करावं लागतं. मोझॅकच्या जुन्या टाइल्सचंही तेच. तुझा ओटा कडप्प्याचा आहे, तेव्हा नळाला फडकं गुंडाळताना खाली एक थाळी ठेव. ओट्यासाठी भांड्यांचा साबण आणि पाणी, बस.

साठवण सोपी आहे. व्हिनेगरची फवाऱ्याची बाटली वेगळी कर. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. काच पुसायला आणि हलक्या डागांना एवढं पुरतं, ते महिनोन्महिने टिकतं आणि बाटली फुगत नाही. जाड थरासाठी बिनपाण्याचं घे. सोडा कोरडाच डब्यात ठेव, लागेल तेव्हा पाण्यात कालव. दोन्हींवर ठळक अक्षरात नावं लिही, म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनाही कळेल.

आणि एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ती नीट ऐक. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यानं फक्त वाया जातात. पण व्हिनेगर, लिंबू किंवा संडासात टाकतात ते ॲसिड, यांतलं काहीही ब्लीचच्या पाण्यात किंवा ब्लीचिंग पावडरीत मिसळलं तर क्लोरिन वायू सुटतो. तो डोळे, घसा आणि फुफ्फुसं जाळतो, आणि बंद मोरीत तो जीवही घेऊ शकतो. मोरीत एक टाकल्यावर दुसरं त्याच दिवशी टाकू नकोस. मध्ये बादल्या बादल्या पाणी ओत. चुकून मिसळलंच आणि नाकाला झोंबणारा तिखट वास आला, तर साफ करत बसू नकोस, त्यावर आणखी काही ओतू नकोस. ताबडतोब बाहेर ये, जाता जाता खिडकी उघडता आली तर उघड, दार लावून घे आणि मुलांना तिकडे जाऊ देऊ नकोस. खोकला थांबत नसेल किंवा छातीत भरून आलं तर वाट न बघता दवाखान्यात जा, आणि काय मिसळलं होतं ते डॉक्टरांना स्पष्ट सांग.